ज्युनियरांसमोर बोलायचंय: "उत्तराचं पान एवढ्यात उघडू नका" (मसुदा तपासून द्या)

खोडरबर

मंडळी, मी आमच्या वर्गाचा सीआर. पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर सात-आठ मिनिटं बोलायचंय. हजेरी, जर्नल, सबमिशन यांवर बाकीचे बोलणार आहेत. मी एकच गोष्ट धरलीय: गणित अडलं की लगेच सोडवलेलं उत्तर उघडायचं नाही. मसुदा खाली देतोय. बिनधास्त चिरफाड करा, पण "छान लिहिलंय" म्हणून निघून जाऊ नका.

*मसुदा:*

"मित्रांनो, आधी एक गणित. १ ते १० मधल्या कुठल्याही सहा संख्या उचला. त्यांत अशी एक जोडी सापडतेच, की लहान संख्येने मोठीला पूर्ण भाग जातो. कुठल्याही सहा घेतल्या तरी. का?

मागच्या वर्षी हे गणित मी वाचलं, दोन मिनिटं त्याच्याकडे बघितलं आणि सिनियरांकडून आलेली उत्तरांची पीडीएफ उघडली. उत्तर तीन ओळींचं होतं. प्रत्येक संख्येला २ ने भाग जाईल तितक्या वेळा भागा, शेवटी विषम संख्या उरेल. १० पर्यंत विषम संख्या पाचच. म्हणजे खाने पाच आणि संख्या सहा, तेव्हा दोन संख्या एका खान्यात येणारच, आणि एका खान्यातली लहान मोठीला भागते. मी मान डोलावली. वहीत सुंदर अक्षरात उतरवूनही घेतलं.

तीन आठवड्यांनी चाचणीत हेच गणित आलं, फक्त १ ते २०० आणि संख्या १०१. मला 'काहीतरी विषम होतं' एवढंच आठवलं. मी विषम एकीकडे आणि सम एकीकडे केल्या, शंभर-शंभर झाल्या, आणि पुढे हात चालेना.

माझ्या शेजारी बसणारीकडे ती पीडीएफ नव्हती. तिची वही मी नंतर बघितली. तिने आधी गणितच खोटं पाडायचा प्रयत्न केला होता. एकमेकींना भाग न जाणाऱ्या सहा संख्या शोधत बसली. ६, ७, ८, ९, १० या पाच जमतात. पण सहावी म्हणून १ ते ५ मधली कुठलीही घ्या, तिची पट तिथे आधीच हजर असते. मग ४, ५, ६, ७, ९ घेऊन बघितल्या. याही पाच जमतात, सहावी नाही. मग तिने संख्या आणि तिची दुप्पट अशा जोड्या लावल्या: १ आणि २, ३ आणि ६, ४ आणि ८, ५ आणि १०. उरल्या ७ आणि ९, त्या एकेकट्या. झाले सहा खाने. संख्याही सहाच, म्हणजे प्रत्येक खान्यात एक-एक बसू शकते. एका खान्याने गाडी अडली. तिथे ती अर्धा तास बसली, आणि मग तिला दिसलं, की २ ची दुप्पट ४ च आहे की! मग १-२ आणि ४-८ या दोन जोड्या नाहीतच, १-२-४-८ ही एकच माळ आहे. खाने पाच. संपलं.

तिच्या वहीत 'विषम' हा शब्द कुठेच नाही. पण प्रत्येक माळेच्या तोंडाशी विषम संख्या आपसूक येऊन बसलीय. चाचणीत तिने २०० पर्यंतच्या माळा मोजल्या, शंभर निघाल्या, आणि पाच मिनिटांत गणित सुटलं.

म्हणून सांगतो, एक तास पूर्ण झाल्याशिवाय उत्तराचं पान उघडायचं नाही."

एवढंच. शेवट जरा तोकडा वाटतोय. काय घालू?

टवाळ

सीआर साहेब, ती उत्तरांची पीडीएफ दरवर्षी ज्युनियरांच्या ग्रुपवर कोण टाकतं बरं? 😀

खोडरबर

@टवाळ, गप रे. हो, मीच टाकतो. ते सीआरचं कामच होऊन बसलंय, नाही टाकली तर चाळीस मेसेज येतात. भाषणात ती अडचण आहेच, पण आधी मुद्द्यावर बोला.

जुनाजाणता

फार योग्य विषय निवडलात. हल्ली असाइनमेंट सर्रास एकमेकांच्या उतरवतात. आमच्या वेळी एका बाकावरच्या तिघांचं एकच चुकलेलं उत्तर आलं, तर तिघांनाही उभं करायचे. भाषणात शिक्षेचा उल्लेख जरूर करा, धाक हवाच.

खोडरबर

काका, मी कॉपीबद्दल बोलत नाहीये. ही मुलं कुणाला फसवत नसतात. एकटी बसून, प्रामाणिकपणे उत्तर वाचतात आणि आपल्याला समजलं असं त्यांना मनापासून वाटतं. मलाही वाटलं होतं. शिक्षा करणार कुणाला?

अंकलिपी

गेली बरीच वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते, म्हणून राहवलं नाही.

तुमचं उदाहरण उत्तम आहे आणि शेवटचं वाक्य तितकंच वाईट. एक तास म्हणजे काय? माझ्यासमोर तासभर नुसतं पान बघत बसणारी मुलं असतात. पेन उघडं, कागद कोरा, डोकं भलतीकडे. त्यांना विचारलं की म्हणतात, "मॅडम, तासभर झगडलो." तुमचं भाषण ऐकून ती आणखी झगडतील आणि आणखी कोरी राहतील. आठवड्यानंतर पीडीएफकडे परत जातील, या वेळी जरा अपराधी वाटून.

तुमच्या मैत्रिणीने नक्की काय केलं ते पुन्हा बघा. तिने चार कामं केली आणि त्या प्रत्येकाची खूण कागदावर उरली. विधान मोडायचा प्रयत्न केला. मोडता येईना तेव्हा कुठपर्यंत जाता येतं ते बघितलं, म्हणजे पाच. ते पाच एकाच तऱ्हेने जमतात की आणखी कशाने, हे पडताळलं. आणि खाने पाडून एकाने चुकली. हे शेवटचं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सहा खाने पाडून जी अडते, तिला नेमकं कळलेलं असतं की आपल्याला एक खाना कमी करायचाय. तिचा प्रश्न आता "हे कसं सोडवू" असा राहिलेलाच नाही. तो "यातले कुठले दोन खाने जोडता येतील" असा झालाय. अशा मुलीने त्या क्षणी उत्तर उघडलं तरी माझी हरकत नाही. तिला उत्तरातली नेमकी ओळ वाचताना कळेल, की ही ओळ तिथे कशासाठी आहे. तुम्ही दोन मिनिटांत उघडलंत, तेव्हा तुमच्यासाठी सगळ्या ओळी सारख्याच होत्या.

तेव्हा मुलांना घड्याळ देऊ नका. उत्तर उघडण्याआधी वहीत एक वाक्य लिहायला सांगा: "मी अमुक केलं, ते इथपर्यंत आलं, आणि अमुक कारणाने पुढे जात नाही." हे वाक्य लिहिता आलं तर दहा मिनिटांनीही उघडा. नाही आलं तर दोन तासांनीही तुम्ही अडलेला नाहीत, सुरुवातच केलेली नाही.

निरगाठ

ती शेजारी बसणारी मीच. 🙋‍♀️

इतकं सुबक झालं नव्हतं रे. पहिली दोन पानं मी फाडून टाकली, ती तू बघितलीच नाहीस. त्यांत मी मूळ संख्यांच्या मागे लागले होते. २, ३, ५, ७ वेगळ्या काढल्या, बाकीच्या त्यांच्या पटीत वाटल्या, मग ६ ला २ मध्ये टाकू की ३ मध्ये हे ठरेना. १ चं काय करायचं तेही कळेना. सगळा गोंधळ.

आणि अर्धा तास वगैरे काही नाही. सहा खान्यांवर अडले ती रात्री. वही मिटून झोपले. सकाळी दादाला दाखवलं. त्याने सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "जोडीच का?" बस्स. पुढचं माझं मी केलं, पण तो प्रश्न माझा नव्हता. भाषणात मला एकटीने किल्ला जिंकलेली वीरांगना करू नकोस.

खोडरबर

हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस!

निरगाठ

तू विचारलंस कधी? वही घेतलीस, फोटो काढलेस, गेलास. म्हणजे तेव्हाही उत्तरच उतरवत होतास. 😄

तर्कट

सगळ्यांचा जोश बघून थोडं पाणी ओततो. यावर संशोधन झालेलं आहे आणि ते बरोबर उलट सांगतं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले. काहींना सगळी समीकरणं स्वतः सोडवायला दिली. काहींना एक सोडवलेलं उदाहरण अभ्यासायला आणि लगेच तसंच एक सोडवायला, असं आलटून पालटून दिलं. सोडवलेली उदाहरणं वाचणाऱ्यांचा वेळ कमी लागला आणि नंतरच्या चाचणीत त्यांच्या चुकाही कमी झाल्या. कारण सोपं आहे. नवख्या माणसाचं सगळं डोकं धडपडीतच खर्च होतं, शिकायला जागाच उरत नाही. तेव्हा सीआर, तू ज्युनियरांना चुकीचा सल्ला देतोयस. आधी उदाहरणं वाचा, हेच बरोबर.

अंकलिपी

तर्कट, प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र लांब ओढलात.

तिथे काय शिकवत होते ते बघा. समीकरणातलं एक अक्षर एका बाजूला आणायचं, म्हणजे हात बसवायचं काम. चाचणीतली गणितंही त्याच साच्याची असली, तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. अशा ठिकाणी मीही मुलांना आधी दोन सोडवून दाखवते. भागाकार शिकणाऱ्याला "शोध तू स्वतः" म्हणणं क्रूरपणा आहे.

उलट बाजूचंही काम आहे. मनू कपूर यांनी मुलांना आधी प्रश्न दिला आणि शिकवलं नंतर. उदाहरणार्थ, काही खेळाडूंचे वर्षानुवर्षांचे आकडे द्यायचे आणि विचारायचं, यांतला सगळ्यांत सातत्याने खेळणारा कोण, ते मोजायची रीत तुम्हीच काढा. प्रमाण विचलन अजून शिकवलेलंच नाही. बहुतेक मुलांना ती रीत सापडत नाही. कुणी सगळ्यांत मोठ्यातून सगळ्यांत लहान वजा करतं, कुणी दरवर्षीचा सरासरीपासूनचा फरक मिळवत जातं आणि अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. मग शिक्षक खरी रीत शिकवतात. ही मुलं आकडेमोडीत इतरांच्या बरोबरीची राहिली, पण ती रीत तशीच का आहे हे त्यांना जास्त चांगलं कळलं. हातून फरकांची बेरीज शून्य झालेली असते ना, मग "वर्ग करायचा" हे ऐकल्यावर ते कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे झगडण्याच्या मागोमाग शिकवणं होतंच, आणि तेही मुलांच्या फसलेल्या रीती समोर ठेवून. नुसतं झगडायला सोडून दिलं आणि निघून गेले, असं नव्हतं.

तर्कट

ठीक. म्हणजे हात बसवायचं असेल तिथे आधी वाचा, आणि कल्पना पकडायची असेल तिथे आधी झगडा. पण पहिल्या वर्षाच्या पोराला समोरचं गणित यातलं कुठलं, हे कसं कळणार? ते कळायलाच तर विषय यायला लागतो.

अंकलिपी

तो प्रश्न खराच आहे आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. एक ढोबळ खूण सांगते. गणितातला प्रत्येक शब्द तुम्हाला माहीत आहे आणि छोटा नमुना हाताने करून बघता येतो, तर झगडायला जागा आहे. १ ते १० चं गणित तसं आहे, चौथीतलं मूलही सहा संख्या उचलू शकतं. शब्दच अनोळखी असेल तर आधी पुस्तक उघडा, तिथे झगडून काही हाती लागत नाही.

आणि काही युक्त्या अशा असतात की त्या सापडायच्या नसतातच. sec x चं इंटिग्रल घ्या. त्याला sec x + tan x ने गुणायचं आणि त्यानेच भागायचं, की वरचं पद खालच्याचं डेरिव्हेटिव्ह होऊन जातं. हे कुणाला बसल्या बसल्या सुचेल? ते ज्याला सुचलं त्याला बहुधा उत्तर आधी ठाऊक होतं. यावर मुलाचे दोन तास घालवू नयेत. दाखवावं, आणि ते का चालतं एवढं त्याच्याकडून वदवून घ्यावं.

टवाळ

sec x वर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. माझ्या भावना दुखावल्या.

रात्रपाळी

मला तुम्हा सगळ्यांचा हेवा वाटतो. मी नोकरी करून बाहेरून परीक्षा देतोय. रात्री पाळी असते. दिवसातून अभ्यासाला पाऊण तास मिळाला तर नशीब, तोही अर्धवट झोपेत. प्रकरणाच्या शेवटी तीस गणितं असतात. एकावर पाऊण तास दिला तर महिन्यात एक प्रकरण होईल, परीक्षेत मात्र बारा प्रकरणं आहेत. "वही मिटून झोपले, सकाळी सुचलं" ही चैन आहे. मी सरळ उत्तरं वाचतो. पास होतो. समजतं का? खरं सांगायचं तर निम्मं. पण दुसरा मार्ग सांगा ना.

निरगाठ

तुमचं पटतंय. मला त्या एका गणिताला मोजून रात्र आणि सकाळ लागली, आणि त्या आठवड्यातली बाकीची नऊ गणितं मी पीडीएफ मिळवून वाचलीच. हेही भाषणात येऊ दे, सीआर.

अंकलिपी

रात्रपाळी, तीसच्या तीस नका करू. प्रकरणातलं एक गणित निवडा, ज्याचा छोटा नमुना करता येतो असं. ते कामावर जाता-येता डोक्यात ठेवा. १ ते १० मधून सहा उचलायला कागद लागत नाही. बाकीची वाचा, पण वाचताना उत्तरावर कोरा कागद ठेवून एकेक ओळ खाली सरकवत वाचा. ओळ दिसायच्या आधी पुढे काय येईल याचा अंदाज बांधा. चुकलात तरी चालेल. जिथे "हे कुठून आलं?" असं वाटेल, तिथेच थांबायचं, तेवढी एकच ओळ उत्तरातली घ्यायची आणि पुढचं झाकून स्वतः करून बघायचं. या गणितात अशी ओळ एकच आहे, २ ने भागत जा ही. ती मिळाल्यावर खाने मोजणं आणि शेवटपर्यंत जाणं तुमचं तुम्हाला यायला हवं.

आणि दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा. आठवून नव्हे, आकडे बदलून. १ ते १४ मधून आठ घ्या. माळा पाडता आल्या तर समजलंय. "विषम... काहीतरी विषम..." झालं, तर सीआरच्या बाकावर जागा आहे.

खोडरबर

मॅडम! 😅

रात्रपाळी

कागद सरकवायचं करून बघतो. एक गणित निवडायचं म्हणताय, पण चुकीचं निवडलं तर तोही वेळ गेलाच की. असो. बघतो.

जुनाजाणता

आता मला मुद्दा कळला. मग माझं एक सांगतो. मी ड्रॉइंग शिकलो तेव्हा सर फळ्यावर पूर्ण आकृती काढून ठेवायचेच नाहीत. दोन दृश्यं काढायचे, तिसरं आम्ही काढायचं, आणि मग ते स्वतःचं तिसरं काढून दाखवायचे. आमची एखादी रेघ ठिपक्यांची हवी असताना सलग आलेली असायची. ती चूक स्वतःच्या हाताने झाल्यामुळे लपलेली कड आजही विसरत नाही. शिक्षेबद्दल लिहिलं ते मागे घेतो. थोडंसं.

तर्कट

सीआर, मग त्या पीडीएफचं काय? तू स्टेजवरून "उघडू नका" म्हणणार आणि संध्याकाळी ग्रुपवर तीच टाकणार. मुलं मूर्ख नाहीत.

खोडरबर

दोन दिवस तोच विचार करतोय. न टाकून चालणार नाही, दुसरा कुणीतरी टाकेलच, आणि रात्रपाळींसारखे आमच्याही वर्गात आहेत. मग मी आणि निरगाठने बसून वेगळंच काहीतरी केलं. मागच्या वर्षीच्या पीडीएफमधल्या पहिल्या प्रकरणाच्या गणितांसाठी नवीन फाइल बनवली. त्यात उत्तरं नाहीत. प्रत्येक गणितापुढे एक प्रश्न आहे, दादाने विचारला होता तसा. या गणितापुढे लिहिलंय, "आधी सहाऐवजी पाच घेऊन बघ. मग जोड्याच का, ते विचार." पूर्ण उत्तरांची पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये. दोन्ही टाकणार. कुणाला कुठली उघडायची ते उघडू दे.

प्रश्न तयार करणं महाकठीण निघालं. अकरा गणितांना दोन संध्याकाळी गेल्या. उत्तर न फोडता नेमक्या अडलेल्या जागी बोट ठेवायचं, तर मुलं कुठे अडतात ते आधी ठाऊक हवं. चार गणितांत आम्हालाच ठाऊक नव्हतं, कारण ती आम्ही नुसती वाचली होती.

अंकलिपी

या शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला पैकीच्या पैकी. ते भाषणात घ्या.

खोडरबर

काल बोललो. वृत्तांत देतो.

तास काढून टाकला आणि मॅडमचं वाक्य घेतलं. निरगाठची फाडलेली पानं, दादाचा प्रश्न, तिने वाचून काढलेली नऊ गणितं, सगळं सांगितलं. आणि बोलायच्या आधी सगळ्यांना तीन मिनिटं सहा संख्या उचलायला लावल्या. ही कल्पना ऐन वेळी सुचली. हॉलमध्ये इतका गलका झाला की पुढचं निम्मं भाषण कुणी ऐकलंच नसेल. मागच्या रांगेतल्या एकाने "सापडल्या, सापडल्या" म्हणून आरोळी ठोकली. त्याच्या सहांत ५ आणि १० दोन्ही होते.

फाइल टाकली. संध्याकाळी बघितलं तर दोन्ही फोल्डर उघडलेले होते. कुठला जास्त ते सांगत नाही, तर्कट खूश होतील.

तर्कट

😀 कळलं.

पहिलंवर्ष

नमस्कार, मी काल हॉलमध्ये होतो. ५ आणि १० वाला मी नव्हे. 🙏 दादा, एक विचारायचंय.

मी सहा शोधायचं सोडून दिलं आणि एकमेकींना भाग न जाणाऱ्या पाच किती तऱ्हांनी निवडता येतात ते मोजत बसलो. चारच तऱ्हा सापडल्या. चारींत ६, ७ आणि ९ आहेत. त्यांच्यासोबत ४ किंवा ८, आणि ५ किंवा १०. ३ एकातही नाही. ७ आणि ९ आपापल्या माळेत एकटे, म्हणून ते घ्यावेच लागतात. ९ आला की ३ बाद, म्हणून ६ घ्यावा लागतो, आणि ६ आला की १ आणि २ बाद. इथपर्यंत कळलं. म्हणजे सगळ्यांत लहान संख्या ४.

मग २० पर्यंत जाऊन दहा संख्या निवडल्या, तिथेही ४ पेक्षा लहान घेता येत नाही. मला वाटलं नेहमी ४ च. पण २८ पर्यंत जाऊन चौदा निवडायला गेलो तर ४ पण बसेना. तिथे सगळ्यांत लहान ८ येतो. २६ पर्यंत ४ चालतो. मधे असं काय झालं ते कळत नाही. फाइलमध्ये या प्रश्नाला काही नाहीये.

निरगाठ

फाइलमध्ये नाहीये कारण आम्ही हे कधी बघितलंच नाही! थांब, कागद घेते.

टवाळ

२६ ते २८ च्या मधे काय येतं ते बघ की रे...

अंकलिपी

टवाळ, तोंडावर बोट. पहिलंवर्ष, १० पर्यंतच्या गणितात ९ ने ३ ला बाहेर काढलं, ते तुम्ही वर स्वतःच लिहिलंय. आता २८ पर्यंतच्या यादीत तसाच कोण कुणाला बाहेर काढतो ते मांडून बघा. आणि अडलात तर कुठे अडलात ते इथे लिहा, उत्तर मागू नका.

पहिलंवर्ष

बरं मॅडम. माळा लिहायला घेतल्यात. पहिली १, २, ४, ८, १६. दुसरी ३, ६, १२, २४. नवाच्या माळेत ९ आणि १८, आणि... अरे. थांबा जरा.